दुबईला निघालात? तिथे व्हीपीएन चालतं की नाही, हे आधी कसं तपासायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यातल्या एका कंपनीत आयटीचं काम बघतो. आमची माणसं आखातात सारखी जात-येत असतात. तिकीट हातात पडलं की पहिला फोन मला येतो, "तिकडे व्हीपीएन चालतं का हो?" प्रत्येक देशाचं उत्तर वेगळं आहे, आणि 'या देशांत चालतं, या देशांत नाही' अशा नेटवरच्या याद्यांवर माझा विश्वास नाही. म्हणून इथे एकच देश घेतलाय, संयुक्त अरब अमिराती. सगळ्यात जास्त प्रश्न तिथलेच येतात. तपासायची पद्धत एकदा कळली की दुसऱ्या देशालाही तीच लावता येते.

सरळ सांगा, दुबईत व्हीपीएन बेकायदा आहे का?

व्हीपीएन म्हणजे तुमची इंटरनेटची वाहतूक दुसऱ्या सर्व्हरवरून फिरवून तुमचा नेटवर्क-पत्ता बदलून दाखवणारं सॉफ्टवेअर. ते साधन म्हणून बेकायदा नाही. ते कशासाठी वापरलं, यावर सगळं अवलंबून आहे.

तिथला सध्याचा सायबर गुन्ह्यांचा कायदा 2021 सालचा आहे. तो 2 जानेवारी 2022 पासून लागू झाला. त्याचं कलम 10 सांगतं की खोटा किंवा दुसऱ्याचा नेटवर्क-पत्ता वापरून, किंवा आणखी कुठल्या मार्गाने आपला पत्ता लपवला, आणि हे गुन्हा करण्यासाठी किंवा तो उघडकीला येऊ नये म्हणून केलं, तर कैद आणि 5 लाख ते 20 लाख दिरहम दंड, किंवा दोन्हींपैकी एक. 5 लाख दिरहम म्हणजे एक कोटी रुपयांहून जास्त. लक्षात घ्या, ही दंडाची खालची पायरी आहे.

त्या वाक्यातला 'गुन्हा करण्यासाठी किंवा लपवण्यासाठी' हा तुकडा महत्त्वाचा आहे. तो वगळून कलम वाचलं तर सरसकट बंदी वाटते. तेवढाच धरून बसलं तर सगळं मोकळं वाटतं. दोन्ही वाचनं चुकीची आहेत, ते पुढे येईलच.

मग नेटवर एक जण 'बंदी आहे' म्हणतो आणि दुसरा 'बिनधास्त वापरा' म्हणतो, असं का?

पहिल्याने दंडाचा आकडा वाचलेला असतो, दुसऱ्याने उद्देशाची अट. शिवाय 'बिनधास्त वापरा' लिहिणारी पानं बऱ्याचदा व्हीपीएन विकणाऱ्यांचीच असतात. खाली 'आत्ताच घ्या' असं बटण दिसलं की ते पान मी बंद करतो.

दुसरं कारण जुन्या मजकुराचं. याच विषयावर आधी 2012 चा कायदा होता. 2016 मध्ये त्यातली शिक्षा वाढवली गेली, तेव्हा जगभर बातम्या झाल्या. त्यानंतर तिथल्या दूरसंचार नियामकाने खुलासा केला की कंपन्या, संस्था आणि बँका यांनी स्वतःच्या अंतर्गत नेटवर्कपर्यंत पोचण्यासाठी व्हीपीएन वापरायला आडकाठी नाही, गैरवापर केला तर मात्र जबाबदार धरलं जाईल. शोध घेतलात तर आजही 2016 च्या बातम्या वर येतात, आणि लोक त्यातलं जुनं कलम 9 उद्धृत करतात. तो कायदा आता रद्द झालाय. लेखात 2012 चा कायदा किंवा कलम 9 दिसलं, की लेख शिळा आहे असं समजा.

मूळ कायदा कुठे वाचायला मिळतो?

अमिरातीच्या सरकारचं कायद्यांचं संकेतस्थळ uaelegislation.gov.ae हे आहे. तिथे इंग्रजीत मजकूर मिळतो. शोधाच्या चौकटीत हे टाका:

```
Federal Decree-Law No. 34 of 2021
```

इथे पहिली अडचण येते. कायदा उघडून लोक Ctrl+F दाबतात, VPN टाकतात, काहीच सापडत नाही आणि खूश होऊन मला कळवतात, "कायद्यात व्हीपीएनचा उल्लेखच नाही, म्हणजे चालतं!" उल्लेख नाही हे खरंच आहे. कायदे करणारे एखाद्या उत्पादनाचं नाव क्वचितच घालतात, ते कृतीचं वर्णन करतात. इथे कृती आहे नेटवर्कचा पत्ता बदलण्याची. म्हणून VPN ऐवजी address किंवा circumvent हे शब्द शोधा, किंवा थेट कलम 10 वर जा.

पानावर कायद्यात नंतर दुरुस्त्या झाल्याची नोंद आहे का, तेही बघा. आणि अरबी मजकूरच अधिकृत असतो, इंग्रजी हे भाषांतर. साध्या प्रवाशाला एवढ्यावर निभावतं. कंपनीचा मोठा करार त्यावर अवलंबून असेल तर तिथल्या वकिलाला विचारावं.

कलम सापडलं. आता ते वाचायचं कसं?

मी तीन गोष्टी बघतो: नियम कोणाला बांधतो, कुठल्या कृतीला, आणि त्यात उद्देशाची अट आहे का.

पहिली गोष्ट सगळ्यात जास्त निसटते. अमिरातीच्या दूरसंचार नियामकाचं, म्हणजे टीडीआरएचं, इंटरनेटवर काय रोखायचं याचं धोरण tdra.gov.ae वर आहे. रोखायच्या मजकुराच्या यादीत जुगार आणि अश्लील मजकुराच्या जोडीला 'रोखलेल्या मजकुरापर्यंत पोचण्याची साधनं' हाही एक प्रकार आहे. हे वाचून पुष्कळ लोक घाबरतात. पण ते धोरण एतिसलात आणि डू या सेवा देणाऱ्या कंपन्यांना सांगतं की ही पानं उघडू देऊ नका. व्हीपीएन विकणाऱ्याचं संकेतस्थळ तिथे उघडलं नाही तर ते या धोरणामुळे. ते उघडून बघणाऱ्याला शिक्षा देणारं ते कलम नव्हे. प्रवाशाला बांधतो तो सायबर कायदा.

उद्देशाची अट किती फरक पाडते, हे चीनच्या नियमाशी ताडून बघितलं की कळतं. तिथला आंतरराष्ट्रीय जोडणीचा नियम 1996 चा आहे, 1997 मध्ये तो दुरुस्त झाला. त्यात म्हटलंय की परदेशी नेटवर्कशी जोडणी सरकारी दूरसंचार जाळ्याने दिलेल्या मार्गानेच व्हायला हवी, दुसरा मार्ग कुठल्याही संस्थेने किंवा व्यक्तीने उभारू किंवा वापरू नये. तो मोडला तर पोलीस ताकीद देऊ शकतात आणि 15,000 युआनपर्यंत दंड करू शकतात. तिथेही व्हीपीएन हा शब्द नाही, पण उद्देशाची अटही नाही. मार्ग वेगळा वापरला एवढंच पुरतं. थोडक्यात, अमिरातीत मनाई सरसकट नाही पण दंड प्रचंड आहे, चीनमध्ये मनाई सरसकट आहे पण त्या नियमातला दंड त्या मानाने लहान. 'दोन्हीकडे बंदी' असं लिहिणारी यादी यातलं काहीच सांगत नाही.

व्हॉट्सॲपवरून घरी व्हिडिओ कॉल करायला व्हीपीएन लावलं, तर तो गुन्हा होतो का?

खरा प्रश्न हाच असतो, बाकीचे प्रस्तावना म्हणून विचारले जातात.

अमिरातीत व्हॉट्सॲपचे संदेश, फोटो, आवाजी निरोप सगळं चालतं. तिथल्या नेटवर व्हॉइस आणि व्हिडिओ कॉल मात्र रोखलेले आहेत, कारण इंटरनेटवरून बोलण्याची सेवा देण्यासाठी तिथे परवानगी लागते. म्हणजे तुम्ही रोखलेल्या सेवेपर्यंत पोचण्यासाठी पत्ता लपवताय. तो कॉल म्हणजे कलम 10 मधला 'गुन्हा' ठरतो का? सायबर कायद्यात 'आईला व्हिडिओ कॉल करणे' असा गुन्हा अर्थातच नाही. पण त्यांचा दूरसंचार कायदा वेगळा आहे, 2003 चा, आणि त्यातही दंडाची कलमं आहेत. दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचले की जागा धूसर होते.

माझं मत विचाराल तर करू नका. तो नक्की गुन्हाच आहे असं मी म्हणत नाही. पण कलमाचा अर्थ तुम्ही लावणार नाही, तिथला सरकारी वकील लावणार, आणि दंड 5 लाख दिरहमपासून सुरू होतो. फुकट कॉलसाठी एवढा वाद कशाला अंगावर घ्यायचा, तेही अधिकृत रस्ते उपलब्ध असताना? ते रस्ते खाली दिलेत.

इथलं ओटीटी बघण्यासाठी 'भारतात आहोत' असं दाखवणं ही मुळात त्या सेवेच्या अटी मोडण्याची गोष्ट आहे. त्यालाही माझं उत्तर तेच. निघण्याआधी भाग डाउनलोड करून घ्या.

ऑफिसचं व्हीपीएन लावल्याशिवाय माझं काम होत नाही. मी काय करू?

आमच्याकडचंच उदाहरण सांगतो. आमच्या ऑफिसातली एक इंजिनिअर दहा दिवसांसाठी दुबईला निघाली होती. लॅपटॉप कंपनीचा, त्यात कंपनीचं व्हीपीएन, आणि ते लावल्याशिवाय फाइल-सर्व्हर उघडत नाही. 2016 चा खुलासा नेमका अशा वापराबद्दल होता: कर्मचारी, स्वतःच्या कंपनीचं अंतर्गत नेटवर्क. इथे कुठला गुन्हा लपवला जात नाही, त्यामुळे नव्या कायद्याच्या शब्दांतही तो बसत नाही. इथपर्यंत चिंता नव्हती.

तिच्या लॅपटॉपची सेटिंग बघितली तेव्हा खोच सापडली. आमच्या व्हीपीएनमधून त्या लॅपटॉपची सगळीच वाहतूक पुण्यातून फिरून जात होती, फक्त ऑफिसची नव्हे. म्हणजे रात्री हॉटेलवर तिने ब्राउझरमध्ये काहीही उघडलं असतं तरी ते पुण्याच्या पत्त्यावरून उघडलं असतं. दुबईत रोखलेली साइटही सहज उघडली असती, आणि व्हीपीएन चालू आहे हे तिच्या ध्यानातही नसतं. कामाचा वापर आणि खाजगी वापर अशा वेळी एकात एक मिसळतात.

आम्ही तीन गोष्टी केल्या. तिच्या खात्यापुरती सेटिंग बदलून फक्त ऑफिसच्या सर्व्हरची वाहतूक व्हीपीएनमधून जाईल असं केलं, बाकीची थेट स्थानिक नेटवरून. आयटीवाले याला 'स्प्लिट टनेल' म्हणतात. मग कंपनीच्या लेटरहेडवर चार ओळींचं पत्र दिलं: ही आमची कर्मचारी आहे, हा लॅपटॉप आमचा, अंतर्गत सर्व्हरसाठी अमुक सॉफ्टवेअर बसवलेलं आहे. ते कोणी मागितलं नाही, पण लॅपटॉपच्या बॅगेत होतं. आणि तिच्या स्वतःच्या फोनवर ऑफिसचं व्हीपीएन ठेवलं नाही.

तुमच्या आयटी विभागाला एवढंच विचारा: "व्हीपीएन लावल्यावर माझी सगळी वाहतूक त्यातून जाते का?" स्वतः तपासायचं असेल तर व्हीपीएन लावा आणि आपला आयपी पत्ता दाखवणारं कुठलंही पान उघडा. लावण्याआधी आणि नंतर पत्ता वेगळा दिसला, तर बहुधा सगळी वाहतूक त्यातूनच जातेय. ही चाचणी घरून करा, ऑफिसच्या नेटवर बसून करू नका. तिथे पत्ता दोन्ही वेळा तोच दिसू शकतो.

एखादं ॲप तिथे ब्लॉक आहे, म्हणजे ते बेकायदा आहे असंच ना?

नाही. ब्लॉक ही तांत्रिक गोष्ट आहे, गुन्हा ही कायद्यातली. तुर्कस्तानात अनेक व्हीपीएन रोखलेली आहेत, पण ती वापरणं हा स्वतंत्र गुन्हा नाही. उलट बाजूनेही तेच: अमिरातीत तुमचं व्हीपीएन झटकन जोडलं गेलं, याचा अर्थ परवानगी मिळाली असा होत नाही.

मी व्हीपीएन वापरतच नाही. मला हे कशाला हवं?

फोन एकदा बघा. अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये VPN शोधा, आयफोनवर Settings, मग General, मग VPN & Device Management. अँटिव्हायरसच्या पॅकेजमधून आलेलं, ब्राउझरमध्ये असलेलं, मुलाने गेमसाठी टाकलेलं, असं काही ना काही सापडतं. अशा काही ॲपमध्ये 'अनोळखी वायफाय दिसलं की आपोआप चालू हो' अशी सोय असते. विमानतळाचं वायफाय म्हणजे अनोळखीच, त्यामुळे तुम्ही सामानाच्या पट्ट्याजवळ उभे असता आणि पडद्यावर वर व्हीपीएनची छोटी किल्ली उमटते. ही आपोआप जोडणी बंद करा. अँड्रॉइडवर Always-on VPN हा पर्यायही बंद आहे ना ते बघा.

जाहिराती रोखणारी काही ॲपही हीच किल्ली दाखवतात. ती वाहतूक फोनमधल्या फोनमध्येच गाळतात, पत्ता बदलत नाहीत. तरी त्या प्रवासापुरती बंद ठेवलेली बरी, म्हणजे किल्ली दिसली की काहीतरी चुकलंय हे लगेच कळतं.

ॲप काढून टाकायची गरज आहे का, असंही विचारतात. कलम 10 कृतीबद्दल बोलतं, फोनमध्ये नुसतं ॲप असण्याबद्दल नाही. खाजगी व्हीपीएन मी स्वतः काढूनच जातो, परत आल्यावर टाकायला दोन मिनिटं लागतात.

पण हॉटेलच्या वायफायवर व्हीपीएनशिवाय बँकेचं ॲप उघडणं धोक्याचं नाही का?

लोकांना वाटतं तेवढं नाही. बँकेचं ॲप आणि सर्व्हर यांच्यातली वाहतूक आधीच कूटबद्ध असते. तरी मन मानत नसेल तर त्या पाच मिनिटांसाठी वायफाय बंद करून मोबाइल डेटावर व्यवहार करा.

माझ्या मित्राचा व्हॉट्सॲप कॉल दुबईत व्हीपीएनशिवाय लागला. ते कसं काय?

तो बहुधा भारतीय सिमच्या रोमिंगवर होता. रोमिंगमध्ये तुमचा डेटा साधारणपणे तिथल्या टॉवरवरून तुमच्या भारतातल्या कंपनीकडे येतो आणि तिथून इंटरनेटवर जातो. त्यामुळे स्थानिक गाळणी बऱ्याचदा लागू होत नाही. चीनमध्ये गेलेल्यांनाही भारतीय सिमवर गूगल उघडल्याचं नवल वाटतं, त्याचं कारण हेच. यात तुम्ही काही लपवत नाही. रोमिंगची व्यवस्थाच तशी आहे.

पण ती तुमच्या कंपनीच्या आणि तिथल्या कंपनीच्या करारावर असते, त्यामुळे प्रत्येक वेळी चालेलच असं नाही. आणि एक गंमत होते: कॉल छान चाललेला असतो, तुम्ही लिफ्टमधून खोलीत येता, फोन आपोआप हॉटेलचं वायफाय पकडतो आणि आवाज जातो. लोकांना वाटतं, कोणीतरी कॉल पकडला. पकडलं ते वायफायने.

दुबईत फक्त चार तास विमान बदलायचंय. तरी?

तरी. विमानतळ त्यांच्याच भूमीवर आहे. दुबईच्या आर्थिक केंद्रासारख्या मुक्त क्षेत्रांबद्दलही हाच गैरसमज असतो. तिथले दिवाणी आणि व्यापारी कायदे वेगळे आहेत, फौजदारी कायदा मात्र संपूर्ण देशाचाच लागतो.

तिथे राहणारे आमचे नातेवाईक म्हणतात, सगळेच वापरतात, कोणी विचारत नाही.

म्हणत असतील, आणि त्यांचा अनुभव खोटाही नसेल. पण कलमाची रचना बघा. ते दुसऱ्या गुन्ह्याला चिकटणारं कलम आहे. भाड्याचा वाद, समाजमाध्यमावरची एखादी पोस्ट, पैशांची तक्रार, अशा कशावरून फोन तपासला गेला, तर तेव्हा व्हीपीएनचा प्रश्न उभा राहणार. दहा वर्षं कोणी विचारलं नाही, याचं कारण दहा वर्षं फोन तपासायची वेळ आली नाही, हेही असू शकतं.

भारतात तरी हे काही तपासावं लागत नाही ना?

आपल्याकडे व्हीपीएन वापरणं कायदेशीर आहे. एप्रिल 2022 मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायचा जो आदेश काढला, तो व्हीपीएन पुरवणाऱ्या कंपन्यांसाठी आहे. 'नियम कोणाला बांधतो' हा प्रश्न इथेही कामाला येतो. मात्र जम्मू-काश्मीरमध्ये वेळोवेळी जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी तात्पुरत्या आदेशाने व्हीपीएनला मनाई केली आहे. सहलीला निघालात तर त्या जिल्ह्याची ताजी बातमी बघा. असा आदेश देशाच्या कायद्यात शोधून सापडणार नाही.

तपासायचं कधी, आणि किती वेळ जातो?

तिकीट काढताना एकदा, आणि निघायच्या आठवड्यात पुन्हा. पहिल्या वेळी एक संध्याकाळ जाते, दुसऱ्या वेळी दहा मिनिटं: कायद्याच्या पानावर नवी दुरुस्ती दिसते का, आणि नियामकाच्या संकेतस्थळावर नवी सूचना आहे का. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, अमेरिका ही सरकारं आपल्या नागरिकांसाठी देशवार प्रवास-सूचना छापतात, त्या कोणालाही वाचता येतात. तिथे मात्र Ctrl+F करून VPN जरूर शोधा, कारण ती पानं कायद्याच्या नाही, साध्या माणसाच्या भाषेत असतात. तिथे काही सापडलं तर तो मूळ कायदा शोधायचा धागा समजा. नाही सापडलं तर त्यावरून काहीच ठरवू नका.

मग आईला रोज कॉल कसा करू?

टीडीआरएने परवानगी दिलेल्या कॉलिंग ॲपची यादी आहे. मायक्रोसॉफ्ट टीम्स, झूम, गूगल मीट, बोटिम ही नावं तिच्यात आहेत. निघायच्या आधी यादी एकदा बघून घ्या. मग त्यातलं एक ॲप आईच्या फोनवर तुम्ही स्वतः टाका, तिच्या हाताने दोन वेळा कॉल उचलून घ्या, आणि त्याचं चिन्ह व्हॉट्सॲपच्या शेजारी आणून ठेवा. गूगल मीट बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासून असतं, म्हणून मी तेच सुचवतो. आमची ती इंजिनिअर हे करायला विसरली. पहिले दोन दिवस तिची आई फोनवर शेजारच्या मुलाच्या सूचना ऐकत 'मीट' शोधत होती, आणि तिसऱ्या दिवशी कॉल लागला तेव्हा अर्धा वेळ पडद्यावर फक्त स्वयंपाकघराचं छत दिसत होतं.